f''(c) = 0 आलं की पुढे काय? सेकंड डेरिव्हेटिव्ह टेस्ट की फर्स्ट?

शिंपला
नमस्कार मंडळी. मी बारावी सायन्सला आहे. सध्या मॅक्सिमा-मिनिमाचा भाग चालू आहे आणि एका गणितावर गाडी अडलीये. आमच्या क्लासच्या सरावपत्रिकेत हे गणित होतं:

f(x) = 5x⁶ − 36x⁵ + 90x⁴ − 80x³

याचे मॅक्सिमम, मिनिमम काढा. मी डेरिव्हेटिव्ह काढून गुणक पाडले:

f'(x) = 30x²(x − 2)³

म्हणजे क्रिटिकल पॉइंट दोनच, x = 0 आणि x = 2. सेकंड डेरिव्हेटिव्ह येतो

f''(x) = 30x(x − 2)²(5x − 4)

आणि तो दोन्ही ठिकाणी शून्य होतो. पत्रिकेच्या उत्तरात लिहिलंय, "f''(0) = 0 व f''(2) = 0, म्हणून दोन्ही इन्फ्लेक्शन पॉइंट; फंक्शनला मॅक्सिमम किंवा मिनिमम नाही." पण मी मोबाईलवर आलेख काढून बघितला, तर x = 2 ला चक्क खड्डा दिसतो. f(1) = −21, f(2) = −32 आणि f(3) = 27. हे मिनिमम नाही तर काय?

माझे प्रश्न दोन. एक, f'' शून्य आला की सेकंड डेरिव्हेटिव्ह टेस्ट नेमकी का अडते? आणि दोन, फर्स्ट डेरिव्हेटिव्ह टेस्ट जर अशा वेळीही चालत असेल, तर दुसरी शिकवतात कशाला?

रोखठोक
नियम सरळ आहे. f'' > 0 असेल तर मिनिमम, f'' < 0 असेल तर मॅक्सिमम, f'' = 0 असेल तर इन्फ्लेक्शन पॉइंट. x³ घेऊन बघ, शून्यापाशी f'' = 0 आहे आणि तिथे मॅक्सिममही नाही, मिनिममही नाही. पत्रिकेत बरोबरच लिहिलंय. मोबाईलवरच्या आलेखाच्या नादी लागू नकोस, झूम बदललं की त्यात काहीही दिसतं.

चांदणचुरा
@रोखठोक, x³ च्या शेजारी x⁴ ठेवून बघा. त्याचाही f'(0) = 0, f''(0) = 0. पण x⁴ कधी ऋण होतच नाही, त्यामुळे शून्यापाशी मिनिमम आहे यात वाद नाही. मग −x⁴ घ्या, तिथे मॅक्सिमम. तिघांचीही शून्यापाशी f' आणि f'' ची किंमत अगदी सारखी आणि वागणं तीन तऱ्हांचं. त्यामुळे फक्त या दोन किमतींवरून निकाल देणारा कुठलाही नियम या तिघांपैकी निदान दोघांच्या बाबतीत खोटा पडणारच. मी नागपूरला अकरावी-बारावीला शिकवते. दरवर्षी निम्म्या वह्यांत "f'' = 0 म्हणून इन्फ्लेक्शन" असं लिहिलेलं सापडतं.

शिंपला, तुझं निरीक्षण बरोबर आहे. x = 2 ला लोकल मिनिमम आहे.

घाटमाथा
चांदणचुरा ताईंनी उत्तर दिलंच आहे, पण शिंपलाने "का अडते" असं विचारलंय. ते समजलं की नियम पाठ करायची गरज उरत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

f चा आलेख क्षणभर बाजूला ठेव आणि f' चा आलेख डोळ्यांसमोर आण. क्रिटिकल पॉइंट c म्हणजे जिथे हा f' चा आलेख x-अक्षाला गाठतो ती जागा. आता f''(c) म्हणजे काय? f' च्या आलेखाचा त्या जागेवरचा चढ. चढ धन असेल तर f' खालून वर जाताना अक्ष ओलांडतो: डावीकडे ऋण, उजवीकडे धन. म्हणजे f आधी उतरतो आणि मग चढतो. मिनिमम. चढ ऋण असेल तर हेच उलटं. याचा अर्थ असा की सेकंड टेस्टमध्ये स्वतंत्र असं काहीच नाही. f' चं चिन्ह बदलतं का, हा फर्स्ट टेस्टचाच प्रश्न ती विचारते, फक्त आजूबाजूला न बघता एकाच जागेवरच्या चढावरून त्याचं उत्तर काढते.

आता चढच शून्य असेल तर? f' चा आलेख अक्षापाशी आडवा होतो, एवढंच आपल्याला कळतं. आडवा होऊन तो अक्ष ओलांडू शकतो, किंवा नुसता टेकून आला त्याच बाजूला परत फिरू शकतो. 4x³ आडवा होऊन ओलांडतो, 3x² टेकून परत फिरतो. x⁴ आणि x³ यांच्यातला सगळा फरक एवढाच आहे. एका बिंदूवरचा चढ ही माहिती देऊ शकत नाही, म्हणून टेस्ट अडते.

हेच चिन्हांत लिहायचं तर f'(c) = 0 असल्यामुळे f''(c) ही f'(x)/(x − c) या भागाकाराची लिमिट आहे. लिमिट धन असेल तर c च्या जवळ हा भागाकार धनच असणार, आणि मग f'(x) चं चिन्ह (x − c) च्या चिन्हासारखंच. पण लिमिट शून्य असेल तर भागाकार धन, ऋण किंवा आळीपाळीने दोन्ही असू शकतो. शून्य लिमिटवरून चिन्ह ठरत नाही.

आता तुझं गणित. f'(x) = 30x²(x − 2)³. x² कधी ऋण होत नाही, त्यामुळे चिन्ह ठरवणारा एकटा (x − 2)³ आहे. 2 च्या डावीकडे सगळीकडे ऋण, उजवीकडे धन. x = 0 ला f' येऊन टेकतो आणि परत ऋणच राहतो, म्हणून तिथे काही नाही. x = 2 ला ऋणाचा धन होतो, म्हणून मिनिमम, किंमत −32.

आणि इन्फ्लेक्शनचं म्हणशील तर त्यासाठी f'' चं चिन्ह बदलायला हवं, f'' नुसता शून्य असून भागत नाही. f'' = 30x(x − 2)²(5x − 4) मध्ये x = 0 ला चिन्ह बदलतं आणि x = 0.8 लाही बदलतं. x = 2 ला (x − 2)² वर्गात असल्यामुळे बदलत नाही. म्हणजे इन्फ्लेक्शन पॉइंट 0 आणि 0.8. पत्रिकेने 2 हा उगाच आत घेतला आणि 0.8 हा खरा होता तो सोडला.

शिंपला
घाटमाथा काका, खूप खूप आभार! f' चा आलेख टेकतो की ओलांडतो, हे कोणी सांगितलंच नव्हतं. 0.8 तर माझ्या डोक्यातही आला नाही, कारण तो क्रिटिकल पॉइंट नाही.

पण मग दुसरा प्रश्न राहिलाच की. सगळीकडे f' चं चिन्हच बघायचं असेल तर सेकंड टेस्ट शिकायची कशाला?

चांदणचुरा
कारण चिन्ह बघणं प्रत्येक वेळी इतकं सोपं नसतं. तुझ्या गणितात गुणक सरळ पडले. sin, cos, e^x एकत्र आले की f' चे गुणक पडत नाहीत, आणि मग क्रिटिकल पॉइंटच्या दोन्ही बाजूंना चिन्ह कोणतं हे सिद्ध करायला वेगळी खटपट करावी लागते. सेकंड टेस्टमध्ये एकच किंमत घालायची आणि मोकळं व्हायचं. बोर्डाच्या पेपरमधल्या डबा-पत्रा-तार छापाच्या बहुतेक गणितांत f'' शून्य होत नाही, तिथे तीच सोयीची. शून्य आली की मात्र तिचा हट्ट धरू नये.

परीक्षेत लिहिताना x = 2 − h आणि x = 2 + h घे, h लहान आणि धन. f'(2 − h) = 30(2 − h)²(−h)³, म्हणजे ऋण. f'(2 + h) = 30(2 + h)²h³, म्हणजे धन. दोन ओळींत काम होतं आणि तपासणाऱ्यालाही पायरी स्पष्ट दिसते.

पाऊसवेडी
माझ्या लेकीलाही हाच प्रश्न पडला होता. f'' नसेल तर काय करायचं? तिचं फंक्शन x^(4/3) होतं. f' = (4/3)x^(1/3) येतो आणि f'' काढायला गेलं की शून्यापाशी छेदात शून्य येतं. तिच्या सरांनी सांगितलं की अशा वेळी गणित सोडून द्यायचं, तिथे मिनिमम नसतंच. हेच ना?

चांदणचुरा
पाऊसवेडी ताई, तुमचा मुद्दा थोडा वेगळा आहे. शिंपलाच्या गणितात f'' आहे आणि तो शून्य आहे. तुमच्या गणितात शून्यापाशी f'' अस्तित्वातच नाही. पण तुमच्या उदाहरणातही फर्स्ट टेस्ट चालते: x^(1/3) हा डावीकडे ऋण, उजवीकडे धन, म्हणून x = 0 ला मिनिमम आहे. गणित सोडून द्यायचं कारण नाही. लेकीला सांगा, टेस्ट लागू पडली नाही याचा अर्थ "मिनिमम नाही" असा होत नाही.

रोखठोक
ठीक, x⁴ चं पटलं. पण चिन्हांच्या भानगडीत पडायचीच गरज नाही. f'' शून्य आला तर f''' काढायचा, तोही शून्य आला तर चौथा. पहिला शून्येतर डेरिव्हेटिव्ह जिथे मिळेल तिथे थांबायचं. तो सम क्रमाचा असेल तर धनाला मिनिमम, ऋणाला मॅक्सिमम. विषम क्रमाचा असेल तर दोन्ही नाही. इंजिनिअरिंगला आम्ही हेच करायचो आणि हे कधीच अडत नाही.

शिंपलाच्या गणितात f''' = 600x³ − 2160x² + 2160x − 480. शून्यापाशी −480, क्रम तिसरा, म्हणून तिथे काही नाही. x = 2 ला तो 4800 − 8640 + 4320 − 480 = 0. चौथा 1800x² − 4320x + 2160, x = 2 ला 720, धन आणि सम क्रमाचा. मिनिमम. झालं.

घाटमाथा
रोखठोक, आकडेमोड बिनचूक आहे आणि नियमही खरा आहे. मॅक्लॉरिनच्या १७४२ च्या ग्रंथात तो येतो, म्हणजे बराच जुना. काही ठिकाणी तो फर्स्ट टेस्टपेक्षा सोयीचाही पडतो. e^x + e^(−x) + 2cos x घ्या. x = 0 ला पहिले तीन डेरिव्हेटिव्ह शून्य आणि चौथा 4. एका दमात मिनिमम मिळतं, आणि e^x − e^(−x) − 2sin x चं चिन्ह शोधत बसावं लागत नाही.

पण "कधीच अडत नाही" हे मात्र मान्य नाही. कोशीने १८२० च्या दशकात एक फंक्शन पुढे ठेवलं: x ≠ 0 असताना e^(−1/x²), आणि x = 0 ला किंमत 0. याचे शून्यापाशी सगळेच्या सगळे डेरिव्हेटिव्ह शून्य आहेत. पहिला, दुसरा, शंभरावा, कुठलाही. तुमच्या पद्धतीत थांबायची जागाच येत नाही. फर्स्ट टेस्टला मात्र एक ओळ लागते: f' = (2/x³)e^(−1/x²), डावीकडे ऋण, उजवीकडे धन, मिनिमम.

दुसरी अडचण रोजच्या वापरातली. शिंपलाच्या गणितात f' गुणकांत तयार होता, उत्तर डोळ्यांसमोर होतं. तुमच्या वाटेने जाताना ते गुणक मोडून लांबलचक बहुपदी करावी लागली आणि 4800, 8640 असे आकडे सांभाळावे लागले. तिथे एक चिन्ह चुकलं की उत्तर गेलं. (x − c) चा घात सम की विषम एवढं f' मध्ये दिसत असेल तर पुढचे डेरिव्हेटिव्ह काढण्यात वेळ घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लेथमास्तर
हा धागा वाचून मला आमचं कॉलेजातलं मॉडेल आठवलं, म्हणून लिहितो. उभी गोल तारेची कडी, तिच्यात ओवलेला मणी, आणि कडी स्वतःच्या उभ्या व्यासाभोवती मोटरने फिरवायची. सावकाश फिरवली तर मणी तळाशीच बसतो. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की तळ सोडून बाजूला चढतो. प्रश्न असा होता की बरोबर त्या मर्यादेच्या वेगावर तळाची जागा स्थिर आहे की नाही?

कडीसोबत फिरणाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर मण्याची ऊर्जा, mgR ने भागून, अशी येते:

V(θ) = −cos θ − (k/2)sin²θ, जिथे k = ω²R/g

θ हा तळापासूनचा कोन. V''(0) = 1 − k. k एकापेक्षा कमी असेल तर मिनिमम, म्हणजे तळ स्थिर. जास्त असेल तर मॅक्सिमम, म्हणजे अस्थिर. आणि k = 1 ला V''(0) = 0. कडीची त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर हा वेग मिनिटाला साधारण ९५ फेरे होतो.

आमच्या वर्गात बहुतेकांनी लिहिलं की V'' शून्य म्हणजे उदासीन समतोल, मणी ठेवाल तिथे राहील. पण V' चे गुणक पाडा:

V'(θ) = sin θ (1 − k cos θ)

k = 1 ला (1 − cos θ) कधी ऋण होत नाही. मग चिन्ह sin θ चं: डावीकडे ऋण, उजवीकडे धन. मिनिमम, म्हणजे तळ स्थिरच आहे.

फक्त ही स्थिरता फार दुबळी असते. θ = 0.1 रेडियनला न फिरणाऱ्या कडीत मण्याला परत खेचणारी ओढ जेवढी असते, तिच्या साधारण दोनशेवा भाग k = 1 ला उरतो, कारण 1 − cos 0.1 म्हणजे सुमारे 0.005. कोन निम्मा केला की ही ओढ निम्मी न होता जवळजवळ एक अष्टमांश होते. त्यामुळे प्रत्यक्षात तारेचं थोडंसं घर्षणही मण्याला तळाच्या आजूबाजूला धरून ठेवतं आणि बघणाऱ्याला वाटतं की तो "कुठेही राहतो". उदासीन समतोलाची समजूत तिथूनच पक्की होते.

घाटमाथा
लेथमास्तर, उदाहरण फार आवडलं. तळाजवळ V साधारण θ⁴/8 सारखा वाढतो (शून्यापाशीची −1 ही किंमत सोडून). x⁴ चा तोच सपाट तळ. V'' शून्य असणं म्हणजे "मिनिमम नाही" असं नव्हे. मिनिमम असलंच तर ते सपाट आहे, एवढंच ते सांगतं.

सेमीकोलन
सपाट तळाचा आणखी एक त्रास संगणकावर होतो. शिंपलाचं फंक्शन 2 जवळ −32 + 30(x − 2)⁴ सारखं आहे. म्हणजे x = 2.0001 ला किंमत −32 पेक्षा फक्त 3 × 10⁻¹⁵ ने वर हवी. पण बहुपदी जशीच्या तशी मोजली तर त्यातली पदं हजाराच्या घरातली असतात, आणि त्यांच्या बेरीज-वजाबाकीत याहून मोठी चूक शिरते. त्यामुळे f च्या किमती ताडून मिनिमम शोधणारा प्रोग्राम 2 च्या आसपास कुठेतरी थांबतो आणि त्याला खरा तळ सांगता येत नाही. दोन्ही मोजून बघा:

```python
f  = lambda x: 5*x**6 - 36*x**5 + 90*x**4 - 80*x**3
df = lambda x: 30 * x**2 * (x - 2)**3
for h in (1e-2, 1e-3, 1e-4, 1e-5):
    print(h, f(2+h) + 32, df(2-h), df(2+h))
```

दुसऱ्या रकान्यात शेवटी शेवटी नुसता गोंधळ दिसतो, शून्य किंवा चक्क ऋण आकडेही येऊ शकतात. पण df चं चिन्ह प्रत्येक ओळीत बरोबर येतं, कारण ते गुणकांत लिहिलंय. तोच df उलगडून 30x⁵ − 180x⁴ + 360x³ − 240x² असा लिहिलात तर तोही दगा देईल.

शिंपला
म्हणजे मोबाईलवरचा आलेख खूप झूम केल्यावर दातेरी दिसत होता तो यामुळेच!

एक नवीन गणित देते, हेही पत्रिकेतलंच: f(x) = 8x⁵ − x⁴. x = 0 ला f'' शून्य येतो. फर्स्ट टेस्टने काय येतं ते मी रात्री बघते, तोवर कोणाला सांगता आलं तर सांगा.

रोखठोक
चिन्हच बघायचं ना, हे घे. f' = 40x⁴ − 4x³. f'(−1) = 44, f'(1) = 36. दोन्ही धन. चिन्ह बदलत नाही, म्हणून x = 0 ला मॅक्सिमम नाही आणि मिनिममही नाही.

चांदणचुरा
रोखठोक, थांबा. f' = 4x³(10x − 1). म्हणजे x = 0.1 हाही क्रिटिकल पॉइंट आहे, आणि तुम्ही उजवीकडचा नमुना 1 ला घेतलात, म्हणजे तो ओलांडून पलीकडे. शून्य आणि 0.1 यांच्या मधला घ्या: f'(0.05) = 4 × 0.000125 × (−0.5) = −0.00025. ऋण आहे. डावीकडे धन, उजवीकडे ऋण, म्हणून x = 0 ला लोकल मॅक्सिमम. 0.1 ला ऋणाचा धन होतो, तिथे मिनिमम.

फर्स्ट टेस्टमध्ये मुलं सगळ्यात जास्त इथेच घसरतात. नमुन्याचा आकडा शेजारच्या क्रिटिकल पॉइंटच्या अलीकडचाच हवा. आधी सगळे क्रिटिकल पॉइंट संख्यारेषेवर मांडायचे आणि मगच प्रत्येक मधल्या पट्ट्यातून एकेक आकडा उचलायचा. −1 आणि 1 सोपे असतात म्हणून हात आपोआप तिकडेच जातो.

रोखठोक
बरोबर. माझ्या पद्धतीने चौथा डेरिव्हेटिव्ह 960x − 24, शून्यापाशी −24, म्हणजे मॅक्सिमम. उत्तर तुमचंच येतं. पण हेही बघा, नमुने निवडण्याची भानगड माझ्या पद्धतीत नाही. बहुपदीसाठी मी तीच वापरणार. बहुपदी स्थिरांक नसेल तर कुठला ना कुठला डेरिव्हेटिव्ह शून्येतर मिळतोच, कोशीचं उदाहरण तिथे लागू नाही.

घाटमाथा
बहुपदीपुरतं तुमचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे.

शिंपला
मग बहुपदी नसेल तिथे फर्स्ट टेस्ट. ती तरी कधीच अडत नाही ना?

घाटमाथा
अडते. f(x) = x⁴(2 + sin(1/x)) घे, आणि f(0) = 0. कंसातली किंमत 1 ते 3 च्या मध्ये राहते, त्यामुळे f(x) नेहमी x⁴ एवढा किंवा जास्त. शून्यापाशी पक्कं मिनिमम. आता

f'(x) = x²[4x(2 + sin(1/x)) − cos(1/x)]

शून्याजवळ 4x असलेलं पद बारीक होत जातं आणि चिन्ह cos(1/x) च्या हातात जातं. तो शून्याजवळ अगणित वेळा धन-ऋण होतो. म्हणजे डावीकडे "f' ऋण आहे" असा एकही पट्टा सापडत नाही, उजवीकडे धन असाही नाही. f''(0) काढला तर तोही शून्य. दोन्ही टेस्ट गप्प, आणि मिनिमम मात्र आहे. इथे f(x) आणि f(0) यांची थेट तुलना करावी लागते, जी आपण पहिल्याच ओळीत केली.

कारण असं आहे की फर्स्ट टेस्ट पुरेशी अट सांगते, आवश्यक नव्हे. चिन्ह ऋणाचं धन झालं तर मिनिमम नक्की. पण मिनिमम असेल तर चिन्ह असं स्वच्छ बदलेलच, याची हमी ती देत नाही. f' दोन्ही बाजूंना एकाच चिन्हाचा असेल तर मात्र "काही नाही" हा तिचा निकाल पक्का असतो. बारावीच्या पुस्तकातल्या फंक्शनांत ही वेळ येत नाही, तिथे निर्धास्त वापर.

सेमीकोलन
काका, या उदाहरणात f'' शून्यापाशी कंटिन्युअस नाही ना? त्यात −sin(1/x) असं एक पद राहतं. मग नीट वागणारं फंक्शन असेल तर ही अडचण जाते का?

घाटमाथा
चांगलं पकडलंत, f'' तिथे कंटिन्युअस नाही. पण त्याने अडचण जात नाही. e^(−1/x²)·(2 + sin(1/x³)) घ्या, शून्यापाशी 0. हे हवं तितक्या वेळा डिफरन्शिएट करता येतं आणि शून्यापाशी सगळे डेरिव्हेटिव्ह शून्य. f' मध्ये e^(−1/x²) बाहेर काढला की आत (2/x³)(2 + sin(1/x³)) − (3/x⁴)cos(1/x³) उरतं. शून्याजवळ 1/x⁴ वाला भाग वरचढ होतो आणि चिन्ह पुन्हा अगणित वेळा बदलतं. इथे तिन्ही पद्धती अडतात. तरी फंक्शन e^(−1/x²) पेक्षा कमी होत नाही, म्हणून मिनिमम आहेच.

लेथमास्तर
एक विचारतो, विषय थोडा पुढे जाईल. आमच्याकडे दोन चलांची फंक्शनं येतात. तिथे सेकंड डेरिव्हेटिव्हचा डिटरमिनंट शून्य आला तर? उजवी-डावी बाजू असं तिथे काही नसतं. मूळ बिंदूतून जाणाऱ्या प्रत्येक सरळ रेषेवर फर्स्ट टेस्ट लावली तर चालेल का?

घाटमाथा
नाही चालत. (y − x²)(y − 3x²) घ्या. मूळ बिंदूतून जाणारी कुठलीही सरळ रेषा धरा, तिच्यावर मूळ बिंदूला मिनिममच मिळेल. पण y = 2x² या वक्रावरून चाललात तर किंमत x² × (−x²) = −x⁴, म्हणजे मूळ बिंदूच्या अगदी जवळही ऋण. तिथे मिनिमम नाही. या जातीचं उदाहरण पेआनोने १८८४ साली दाखवलं होतं. आधीच्या पुस्तकांत रेषांवरची तपासणी पुरेशी मानली जायची.

लेथमास्तर
मग अशा वेळी नेमकं करायचं काय? प्रत्येक वक्र तर तपासता येणार नाही.

चांदणचुरा
मलाही हे वाचायला आवडेल. मी स्वतः गुणक पाडून, कुठल्या भागात धन आणि कुठल्या भागात ऋण असा नकाशा काढते. या उदाहरणात दोन पॅराबोलांच्या मधली पट्टी ऋण येते आणि लगेच दिसतं. पण गुणक पडत नसतील तर माझ्याकडे सरसकट चालेल अशी रीत नाही. @घाटमाथा, नवीन धागा काढाल का?

शिंपला
8x⁵ − x⁴ चं मी संख्यारेषेवर 0 आणि 0.1 मांडून केलं, उत्तर जुळलं. पहिल्या गणिताचं उत्तर उद्या क्लासमध्ये दाखवते, 0.8 सकट.